हा रकाना कुणाचा?

कॉलेजात डेटाबेस शिकवताना मी एक पाठपोट छापलेलं पान वाटते. पुढच्या बाजूला एक भला मोठा तक्ता आहे आणि मागच्या बाजूला त्याच तक्त्यातून निघालेले पाच छोटे तक्ते. मधली वाट फळ्यावर चालायची असते. तिला नॉर्मलायझेशन म्हणतात. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येतो, म्हणून मुलं व्याख्या पाठ करतात. पण ज्याच्या दुकानातल्या, दवाखान्यातल्या किंवा पतसंस्थेतल्या नोंदी संगणकावर आहेत, अशा कुणालाही हे समजून घेता येईल, म्हणून तेच पान इथे उलगडते.

तक्ता एका कृषी सेवा केंद्राच्या बिलांचा आहे. माणसं काल्पनिक आहेत आणि दर हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केलेले आहेत.

| बिल | तारीख | ग्राहक क्र. | नाव | गाव | तालुका | माल (कोड, नाव, दर, नग) |
|---|---|---|---|---|---|---|
| १०१ | १० जून | ७ | दत्तू | निमगाव | इंदापूर | ३१ युरिया २७० × ४. ४४ बाजरी बियाणं ५०० × २ |
| १०२ | १० जून | ९ | सुमन | सुपे | बारामती | ३१ युरिया २७० × २ |
| १०३ | १४ जून | ७ | दत्तू | निमगाव | इंदापूर | ५२ डीएपी १३५० × ३. ४४ बाजरी बियाणं ५०० × १ |

माणसाला हा तक्ता वाचायला काहीच अडचण नाही. बिलबुकाची पानं एकाखाली एक ठेवावीत तसाच तो आहे. अडचण येते ती प्रश्न विचारल्यावर. जूनमध्ये युरियाच्या किती गोण्या गेल्या? आपण नजर फिरवतो आणि सहा म्हणून सांगतो. संगणकाला मात्र शेवटच्या रकान्यात एक लांबलचक मजकूर दिसतो. त्यातला कुठला आकडा कोड, कुठला दर आणि कुठला नग, हे त्याला आधी फोडून दाखवावं लागतं. पूर्णविरामाच्या जागी कुणी स्वल्पविराम टाकला की ती फोडही चुकते.

यावर वर्गात नेहमी एक तोडगा सुचवला जातो: वस्तू १, वस्तू २, वस्तू ३ असे वेगळे रकाने करू. पण चौथी वस्तू घेणाऱ्याचं काय करायचं? दहा रकाने ठेवले, तर एकच वस्तू नेणाऱ्या सुमनच्या बिलात नऊ रिकामे राहणार. शिवाय युरियाची बेरीज करायला दहाही रकान्यांत शोधावं लागणार. म्हणजे आडवी गर्दी वाढली, प्रश्न जागच्या जागी राहिला.

खरा उपाय म्हणजे प्रत्येक वस्तूला स्वतंत्र ओळ द्यायची आणि एका चौकोनात एकच गोष्ट लिहायची.

| बिल | तारीख | ग्राहक क्र. | नाव | गाव | तालुका | कोड | वस्तू | दर | नग |
|---|---|---|---|---|---|---|---|---|---|
| १०१ | १० जून | ७ | दत्तू | निमगाव | इंदापूर | ३१ | युरिया | २७० | ४ |
| १०१ | १० जून | ७ | दत्तू | निमगाव | इंदापूर | ४४ | बाजरी बियाणं | ५०० | २ |
| १०२ | १० जून | ९ | सुमन | सुपे | बारामती | ३१ | युरिया | २७० | २ |
| १०३ | १४ जून | ७ | दत्तू | निमगाव | इंदापूर | ५२ | डीएपी | १३५० | ३ |
| १०३ | १४ जून | ७ | दत्तू | निमगाव | इंदापूर | ४४ | बाजरी बियाणं | ५०० | १ |

हा झाला फर्स्ट नॉर्मल फॉर्म. तीन बिलांच्या पाच ओळी झाल्या. एडगर कॉड या इंग्रज गणितज्ञाने आयबीएममध्ये काम करताना १९७० साली जो निबंध लिहिला, त्यात पहिलं पाऊल हेच आहे. त्याचं उदाहरण कर्मचाऱ्यांचं होतं. एका कर्मचाऱ्याच्या नोंदीच्या पोटात त्याच्या नोकऱ्यांची यादी, प्रत्येक नोकरीच्या पोटात पगाराची यादी आणि शेजारी मुलांची यादी. पोटातल्या या याद्या बाहेर काढून त्यांचे साधे, सपाट तक्ते कसे करायचे, ते त्याने दाखवलं. पुढच्या दोन पायऱ्या त्याने १९७१ मध्ये मांडल्या.

आता एक ओळ नेमकी कशी ओळखायची? बिल नंबर सांगून भागत नाही, कारण १०१ च्या दोन ओळी आहेत. वस्तूचा कोड सांगूनही भागत नाही, कारण ३१ दोन बिलांत आहे. दोन्ही मिळून सांगितलं, '१०१ मधला ४४', की एकच ओळ हाती येते. ओळ नेमकी ठरवणाऱ्या अशा रकान्याला किंवा रकान्यांच्या जोडीला प्रायमरी की म्हणतात. मी तिला चावी म्हणते.

इथे मी नेहमी थांबते. बिल आणि कोड ही जोडी चावी आहे, असं आपण पाच ओळींवरून म्हटलं. पण खऱ्या दुकानात बियाण्याच्या पिशवीवर लॉट नंबर असतो आणि तो बिलावरही लिहितात. एकाच शेतकऱ्याने बाजरीच्या तीन पिशव्या घेतल्या आणि त्यातल्या दोन एका लॉटच्या, एक दुसऱ्या लॉटची निघाली, तर एकाच बिलात ४४ च्या दोन ओळी होतील. मग आपली चावी त्या कुलपाला लागणार नाही. लॉट नंबरसुद्धा चावीत घ्यावा लागेल. म्हणजे चावी कोणती, हे कागदाकडे बघून ठरत नाही. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला विचारावं लागतं: एका बिलात तीच वस्तू दोनदा येऊ शकते का? आपल्या तक्त्यापुरतं आपण 'नाही' हे उत्तर धरून पुढे जाऊ.

पाच ओळींचा हा तक्ता प्रश्नांना उत्तरं देतो, पण त्याला जपणं अवघड आहे. त्याला तीन ठिकाणी इजा होते आणि तिन्ही ठिकाणं या पाच ओळींतच दाखवता येतात.

युरिया हे नाव दोन ओळींत लिहिलंय. दुकानाच्या खऱ्या हिशेबात ते दोन हजार ओळींत असेल. एखाद्या संध्याकाळी नव्या पोराने 'यूरिया' असं दीर्घ लिहिलं, की संगणकाच्या लेखी ती दुसरी वस्तू झाली आणि बेरीज खाली आली. दुसरी इजा नव्या मालाची. तुरीचं बियाणं सकाळी उतरलं आणि अजून कुणी नेलं नाही. त्याची नोंद करायची कुठे? प्रत्येक ओळीला बिल नंबर लागतो, कारण तो चावीचा भाग आहे आणि चावी रिकामी ठेवता येत नाही. म्हणजे वस्तू विकली जाईपर्यंत या तक्त्याच्या दृष्टीने ती दुकानात आलेलीच नाही. तिसरी इजा सगळ्यात चोरटी. सुमनने युरिया परत केला, बिल १०२ रद्द झालं, म्हणून आपण ती ओळ पुसली. त्या ओळीबरोबर सुमन सुप्याची आहे हेही पुसलं गेलं. आपल्याला एक व्यवहार काढायचा होता, गेलं एक माणूस.

तिन्हींचं कारण एकच आहे. एका ओळीत वेगवेगळ्या मालकांची माहिती एकत्र नांदते आहे. म्हणून मी मुलांना प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून एकच प्रश्न विचारायला लावते: हा रकाना कुणाचा? नेमकं काय कळलं की यात काय लिहायचं ते ठरतं?

नगापासून सुरुवात करू. '४' हा आकडा कुणाचा? नुसत्या बिल १०१ चा नाही, नुसत्या युरियाचाही नाही. त्या बिलातल्या युरियाचा तो आहे. त्याला सबंध चावी लागते, म्हणून नग जागच्या जागी बरोबर आहे. वस्तूचं नाव कुणाचं? कोड ३१ म्हटलं की युरिया. बिल कुठलंही असो. म्हणजे हा रकाना अर्ध्या चावीवरच अवलंबून आहे. तारीख? ती बिलाची, वस्तूशी तिचा संबंध नाही. तिलाही अर्धीच चावी पुरते, फक्त दुसरा अर्धा भाग. ग्राहकाचा नंबर, नाव, गाव आणि तालुका हेही बिल नंबर कळला की कळतं.

अर्ध्या चावीने उघडणारे रकाने ज्याच्या त्याच्या घरी पाठवणं म्हणजे सेकंड नॉर्मल फॉर्म. एका तक्त्याचे तीन होतात. वस्तूंच्या तक्त्यात कोड आणि नाव जातं. बिलांच्या तक्त्यात बिल नंबर, तारीख आणि ग्राहकाची सगळी माहिती. तिसरा तक्ता बिलाच्या ओळींचा. त्यात बिल नंबर, कोड आणि नग उरतात. युरिया हा शब्द आता एकदाच लिहिला जातो. तुरीच्या बियाण्याला विक्रीची वाट न बघता वस्तूंच्या तक्त्यात जागा मिळते.

या पायरीवर एक पळवाट दिसते आणि हुशार मुलं तीच धरतात. प्रत्येक ओळीला एक, दोन, तीन असा आपोआप वाढणारा नंबर द्यायचा आणि त्यालाच चावी म्हणायचं. चावीत एकच रकाना असला की अर्धी चावी हा प्रकारच उरत नाही, तेव्हा मोठा तक्ता आपोआप दुसऱ्या पायरीवर पोचला, असा त्यांचा युक्तिवाद. तो टिकत नाही. बिल आणि कोड ही जोडी नवा नंबर दिल्यावरही ओळ नेमकी ओळखतेच. व्याख्या अशा प्रत्येक संभाव्य चावीला लागू होते, आपण मुख्य म्हणून निवडलेल्या एकीलाच नाही. आणि व्याख्या बाजूला ठेवली तरी, नंबर चिकटवल्याने 'यूरिया' लिहिणाऱ्या पोराचा हात थांबत नाही.

आता दराकडे येऊ. तो मी मुद्दाम मागे ठेवला होता. माझ्या पानाच्या मागच्या बाजूला दर वस्तूंच्या तक्त्यात छापलेला होता. कोड कळला की दर कळतो, तेव्हा तो कोडाचा, असं मी बरीच वर्षं शिकवत आले. पाच ओळी तसंच सांगतात: ३१ दोनदा आहे आणि दोन्हीकडे २७०, ४४ दोनदा आहे आणि दोन्हीकडे ५००. मग एका वर्षी एका मुलीने हात वर केला. तिच्या वडिलांचं बारामतीकडेच कृषी सेवा केंद्र आहे.

"मॅडम, डीएपीचा दर वाढला तर जुन्या बिलाचं काय होणार?"

मी फळ्यावर हिशेब मांडला. बिल १०३ मध्ये डीएपीच्या तीन गोण्या १३५० ने, म्हणजे ४०५०, आणि बियाण्याचे ५००. एकूण ४५५०. दत्तूने तेवढे पैसे मोजले आणि छापील बिल घेऊन तो घरी गेला. जुलैत दर १४०० झाला. दुकानदाराने वस्तूंच्या तक्त्यात एकच आकडा बदलला. आता बिल १०३ पुन्हा छापलं तर तीन गोण्यांचे ४२०० आणि ५००, म्हणजे ४७०० येणार. दत्तूच्या हातातलं बिल आणि दुकानातलं बिल यांत दीडशे रुपयांचा फरक पडला. कुणी चूक केली नाही, कुणी लबाडी केली नाही, आणि तरी जूनचा हिशेब जुलैत खोटा ठरला.

ती मुलगी बरोबर होती आणि पान चुकीचं होतं. ज्याला आपण दर म्हणत होतो, त्या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक आजचा दर. तो वस्तूचा आहे आणि बदलला की सगळीकडे बदलायला हवा. दुसरा विकला तेव्हाचा दर. तो त्या बिलातल्या त्या ओळीचा आहे, नगाइतकाच, आणि त्याला कुणी हात लावता कामा नये. दोन्ही रकाने हवेत. वस्तूंच्या तक्त्यात 'चालू दर' आणि ओळींच्या तक्त्यात 'विक्री दर'. बिल करताना पहिल्यातला आकडा दुसऱ्यात उतरतो आणि तिथून दोघांचा संबंध संपतो. पाहणाऱ्याला वाटतं, एकच माहिती दोनदा लिहिली, ही तर तीच पुनरुक्ती. तसं नाही. आकडा सारखा असला म्हणून ती माहिती एक होत नाही. त्या वर्षी मी पान बदललं.

तिसरी पायरी बिलांच्या तक्त्यावर चालते. आता तो असा आहे:

| बिल | तारीख | ग्राहक क्र. | नाव | गाव | तालुका |
|---|---|---|---|---|---|
| १०१ | १० जून | ७ | दत्तू | निमगाव | इंदापूर |
| १०२ | १० जून | ९ | सुमन | सुपे | बारामती |
| १०३ | १४ जून | ७ | दत्तू | निमगाव | इंदापूर |

चावी एकाच रकान्याची आहे, तेव्हा अर्ध्या चावीचा दोष इथे असूच शकत नाही. तरी दत्तूचं गाव दोनदा लिहिलंय आणि बिल १०२ पुसलं तर सुमन अजूनही नाहीशी होते. पुन्हा तोच प्रश्न विचारू. गाव कुणाचं? बिलावरून ते कळतं खरं, पण कसं? बिलावरून ग्राहक कळतो आणि ग्राहकावरून गाव. बिलाचा गावाशी थेट संबंध नाही, मध्ये एक माणूस उभा आहे. असा मधल्या रकान्यामार्फत आलेला रकाना काढून त्या मधल्याकडे सोपवणं हा थर्ड नॉर्मल फॉर्म. ग्राहकांचा वेगळा तक्ता होतो: नंबर, नाव, गाव, तालुका. बिलाकडे तारीख आणि ग्राहकाचा नंबर एवढंच राहतं. त्या नंबराचा धागा धरून ग्राहकाच्या तक्त्यात जायचं. आता बिल १०२ पुसलं तरी सुमन सुप्यातच राहते.

काम संपलं असं वाटतं, पण ग्राहकांच्या तक्त्यातही मधला माणूस आहे. तालुका ग्राहकाचा की गावाचा? निमगाव म्हटलं की इंदापूर, सुपे म्हटलं की बारामती. म्हणजे ग्राहकावरून गाव आणि गावावरून तालुका. नियमाप्रमाणे गाव आणि तालुका यांचा पाचवा तक्ता करायचा, ज्याची चावी गावाचं नाव.

पुणे जिल्ह्यात फिरलेल्या कुणालाही इथे ठेच लागेल. निमगाव केतकी इंदापूर तालुक्यात आहे, पण निमगाव म्हाळुंगी शिरूरमध्ये आणि निमगाव सावा जुन्नरमध्ये. वडगाव तर विचारूच नका: वडगाव मावळ, वडगाव निंबाळकर, वडगाव रासाई, वडगाव शेरी, सगळी याच एका जिल्ह्यात. गावावरून तालुका कळतो हे आपल्या तीन ओळींत खरं आहे, कारण त्यांत एकच निमगाव आलंय. चौथ्या ओळीत शिरूरचा शेतकरी आला की ते खोटं पडेल. नुसतं नाव ओळखीला पुरत नाही, हे आपल्या लोकांना संगणक येण्याच्या फार आधी कळलं होतं. केतकी, म्हाळुंगी, बुद्रुक, खुर्द ही शेपटं त्यासाठीच तर लागली. सरकारी कामात त्यासाठी गावाचा कोड वापरतात. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी कोड आहे. पाचव्या तक्त्याची चावी असा कोड असेल तरच तो तक्ता उभा राहतो.

त्याहून वाईट चूक तोडताना होते. तक्ता तोडला की तो परत जोडून आधीच्याच ओळी मिळायला हव्यात, एकही कमी नाही आणि एकही जास्त नाही. समजा कुणी बिलांचा तक्ता तारखेच्या आधाराने तोडला: एका तक्त्यात तारीख आणि बिल, दुसऱ्यात तारीख आणि ग्राहक. दिसायला दोन्ही सुटसुटीत. आता तारीख जुळवून ते परत जोडू. १० जूनची बिलं दोन, १०१ आणि १०२. १० जूनचे ग्राहक दोन, दत्तू आणि सुमन. संगणक प्रत्येक बिलाची प्रत्येक ग्राहकाशी जोडी लावतो आणि दोन ओळींच्या जागी चार निघतात. सुमनच्या नावावर दत्तूचं बिलसुद्धा लागतं. ओळी वाढल्या, पण माहिती हरवली, कारण कोणतं बिल कुणाचं हेच आता सांगता येत नाही. म्हणून तोडायची जागा अशी असावी लागते, की दोन्ही तुकड्यांत राहणारा रकाना त्यातल्या एकाची तरी चावी असेल. ग्राहकाच्या नंबरावर तोडलं तेव्हा तो नंबर ग्राहकांच्या तक्त्याची चावी होता, म्हणून ते सुरक्षित होतं. तारीख कुणाचीच चावी नव्हती.

पाचही तक्ते मांडून झाल्यावर मुलं विचारतात, की एक बिल छापायला पाच ठिकाणी धावायचं का? होय, धावावं लागतं, पण ते काम संगणकाचं आहे आणि दुकानाच्या आकाराच्या हिशेबात त्याला जाणवण्याइतका वेळ लागत नाही. मात्र गावाचा पाचवा तक्ता प्रत्येक दुकानाला हवाच, असं मी म्हणणार नाही. ग्राहकाच्या ओळीत तालुका लिहूनच ठेवला, तर गाव दुसऱ्या तालुक्यात जाईल तेव्हाच त्रास होईल, आणि तसं रोज घडत नाही. हे जाणूनबुजून ठरवलेलं असावं, एवढीच अट आहे. ओळींचा, वस्तूंचा आणि ग्राहकांचा तक्ता वेगळा करण्यात मात्र मी कधी सूट दिलेली नाही. तिथे नोंदी रोज बदलतात.

दराचा प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीने प्रकल्पासाठी वडिलांच्या दुकानाचाच हिशेब घेतला. बारा-तेरा वर्षांची बिलं एका लांबलचक तक्त्यात होती, आपल्या पाच ओळींसारखीच. तोडण्याआधी तिला बघायचं होतं, की कोडावरून नाव कळतं हे तिथे खरंच पाळलं गेलंय का. त्यासाठी तिने हे चालवलं:

```sql
SELECT item_code, COUNT(DISTINCT item_name)
FROM sales
GROUP BY item_code
HAVING COUNT(DISTINCT item_name) > 1;
```

ज्या कोडासमोर एकाहून जास्त नावं आहेत असे कोड यातून बाहेर पडतात. एकही कोड निघाला नाही, तर नियम आजवर मोडलेला नाही एवढंच कळतं. तो खरा आहे की नाही, ते निमगावच्या उदाहरणासारखं बाहेर विचारावं लागतं. पण कोड निघाले तर काहीतरी बिघडलंय हे नक्की. तिला बरेच कोड मिळाले. पुष्कळसे लिहिण्यातल्या फरकाचे होते: ऱ्हस्व-दीर्घ, मधली जागा, कंपनीचं नाव आधी की नंतर. ती एकेक नाव पक्कं करत गेली आणि बाकीची त्यात मिसळत गेली.

युरियाच्या कोडापुढे दोन नावं होती: 'युरिया' आणि 'युरिया ४५'. तिने दुसऱ्यातला आकडा खोडून दोन्ही एक करायचं ठरवलं होतं. त्याआधी वडिलांना विचारून ये, असं मी तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती आली.

"मॅडम, पप्पा म्हणाले, ती दोन नावं नाहीत, दोन गोण्या आहेत."

युरियाची गोणी पूर्वी ५० किलोची असायची. २०१८ पासून ती ४५ किलोची आली. वडिलांनी कोड तोच ठेवला आणि फरक लक्षात राहावा म्हणून नावापुढे ४५ लिहायला सुरुवात केली. नावं एक केली असती तर तक्ता अगदी नेटका दिसला असता आणि गोण्यांची बेरीजही आली असती. पण त्या बेरजेतून किती किलो युरिया गेला, ते पुन्हा कधीच काढता आलं नसतं. तिने ३१ हा कोड जुन्या गोणीला ठेवला, नव्या गोणीला नवा कोड दिला आणि वस्तूंच्या तक्त्यात 'वजन' असा एक रकाना वाढवला. मग ज्या ओळींत 'युरिया ४५' होतं, त्या सगळ्यांचा कोड बदलला. २०१८ च्या वसंतातल्या काही आठवड्यांत दोन्ही गोण्या दुकानात शेजारी शेजारी होत्या. त्या बिलांच्या कार्बन प्रती काढून, वडिलांना शेजारी बसवून, तिने एकेक ओळ हाताने लावली.